सात गुण कशाचे?

सहावीच्या गणिताची एक प्रश्नपत्रिका आमच्यापुढे आहे. घटक चाचणी, घटक शेकडेवारी, गुण २०, वेळ ४० मिनिटे. सोबत एका मुलीची तपासलेली उत्तरपत्रिका आहे आणि तिच्यावर लाल शाईने ७ लिहिले आहेत. ही दोन्ही कागदे आमच्या एका वाचक भगिनीने पाठवली. शाळेने कळवले आहे की या चाचणीत ८ पेक्षा कमी गुण असलेल्या मुलांना पुढच्या वर्षी सेमी इंग्रजीच्या तुकडीत घेतले जाणार नाही. मुलीच्या अब्बांनी निकाल मान्य केला आहे, "गणित तिच्या बसचे नाही" असे ते म्हणतात. अम्मीला मात्र पटत नाही. त्या लिहितात, "रमजानमध्ये जकातीचा हिशेब हीच करून देते. यंदा ६४ हजारांवर अडीच टक्के किती, असे विचारले तर चुलीपाशी उभ्या उभ्या १,६०० सांगितले. मग सात कसे?"

प्रश्न रास्त आहे. बी.एड. करताना सर्वांना दोन शब्द पाठ करावे लागतात, सप्रमाणता आणि विश्वसनीयता. परीक्षा झाली की बहुतेक जण ते विसरतात. जे मोजायचे म्हणून चाचणी घेतली, तेच ती मोजते का, हा सप्रमाणतेचा प्रश्न. तीच मोजणी पुन्हा केली, दुसऱ्या दिवशी केली किंवा दुसऱ्या शिक्षकाने केली, तर उत्तर साधारण तेच येते का, हा विश्वसनीयतेचा. शिंप्याची कापडी फीत वापरून वापरून ताणली गेली, तर ती रोज एकच माप दाखवील, पण ते माप चुकीचे असेल. अशी फीत विश्वसनीय आहे, सप्रमाण नाही. रबराची फीत मात्र दर वेळी वेगळे माप दाखवील, आणि जी दर वेळी वेगळे दाखवते ती खरे माप दाखवते असे म्हणताच येणार नाही. आता या प्रश्नपत्रिकेची फीत कोणत्या जातीची, ते पाहू.

पत्रिका छोटी आहे. पहिला प्रश्न: शेकडेवारीची व्याख्या लिहा, २ गुण. दुसरा: चूक की बरोबर, पाच विधाने, ५ गुण. तिसरा: शेकडेवारीचे व्यवहारातील महत्त्व तुमच्या शब्दांत लिहा, ५ गुण. चौथा: एक शाब्दिक उदाहरण, ६ गुण. शेवटी स्वच्छता व टापटीप, २ गुण.

या वीस गुणांत प्रत्यक्ष टक्के काढण्याचे गुण किती? फक्त चौथ्या प्रश्नाचे सहा. फार तर दुसऱ्या प्रश्नातले एखाददुसरे विधान धरा. बाकीचे गुण पाठांतराला, निबंधाला आणि अक्षराला आहेत. ज्या मुलाला टक्के काढता येत नाहीत पण पुस्तकातली व्याख्या पाठ आहे, निबंध लिहिता येतो आणि अक्षर सुंदर आहे, तो या पत्रिकेत दहाच्या पुढे सहज जाईल. पत्रिकेवर नाव शेकडेवारीचे आहे, मोजमाप दुसऱ्याच गोष्टींचे चालले आहे. मुलीने व्याख्येच्या जागी लिहिले आहे, "शंभरमधून किती ते सांगणे म्हणजे शेकडेवारी." आमच्या मते ती पूर्ण समजून लिहिलेली ओळ आहे. तिला शून्य मिळाले, कारण पुस्तकातले शब्द नाहीत.

आता चौथा प्रश्न. इथे थोडे थांबायला हवे, कारण सातांचे खरे रहस्य इथे आहे. प्रश्न असा: "एका सहकारी दूध उत्पादक संस्थेने गतवर्षी संकलित केलेल्या १२,४८० लिटर दुधापैकी ३५ टक्के दूध प्रक्रियेसाठी वर्ग केले व उर्वरित दुधापैकी ६० टक्के दूध घाऊक विक्रेत्यांना वितरित केले, तर संस्थेकडे शिल्लक दूध किती?"

बरोबर उत्तर काढू. १२,४८० चे ३५ टक्के म्हणजे ४,३६८. उरले ८,११२. त्याचे ६० टक्के ४,८६७.२. शिल्लक ३,२४४.८ लिटर. मुलीचे उत्तर आहे ६२४. त्यावर मोठी फुली आणि शून्य.

पण तिने उत्तराच्या वर जे आकडे मांडले आहेत ते वाचा. ३५ टक्के ४,३६८, अगदी बरोबर. मग तिने ६० टक्के काढले आहेत ते १२,४८० चे, ७,४८८, तोही गुणाकार बरोबर. दोन्हींची बेरीज ११,८५६ आणि वजाबाकी ६२४, दोन्ही बिनचूक. टक्के तिने दोनदा काढले, पाच आकडी संख्येचे काढले, आणि दोन्ही वेळा बरोबर काढले. चुकले एका शब्दावर. "उर्वरित" हा शब्द तिला कळला नाही. या मुलीच्या घरी उर्दू बोलतात, तिथे उरलेल्याला "बाकी" किंवा "बचा हुआ" म्हणतात. "संकलित", "वर्ग केले", "वितरित" हे शब्दही तिच्या घरात, गल्लीत कोणी उच्चारत नाही. ते ओलांडून ती गणितापर्यंत पोचली हेच विशेष. इथे "बाकी राहिलेल्या दुधापैकी" असे लिहिले असते, तर गणित एका केसानेही सोपे झाले नसते.

हे आम्ही मुद्दाम सांगतो आहोत, कारण आपल्या घरांतली मुले गणितात कमी पडतात असे शाळांत सहज बोलले जाते. काही मुले खरेच कमी पडतात, तेही नाकारायचे कारण नाही. पण ती गणितात कमी पडली की मराठीच्या पुस्तकी शब्दात, हे वेगळे काढणारा प्रश्न विचारल्याशिवाय तसे म्हणता येणार नाही. मराठीची परीक्षा मराठीच्या तासाला घ्यावी, आणि तिथे "उर्वरित" जरूर विचारावा.

या प्रश्नाचा दुसरा दोष असा की सगळे गुण एकाच साखळीला बांधले आहेत. पहिल्या कडीत घसरलेला मुलगा पुढच्या तीन कड्या बरोबर जोडू शकतो की नाही, हे या पत्रिकेला कधी कळणारच नाही.

आता विश्वसनीयतेकडे वळू. आम्ही मुलीचे नाव आणि लाल शाई झाकून उत्तरपत्रिकेच्या प्रती काढल्या आणि गणित शिकवणाऱ्या दोन ओळखीच्या शिक्षकांना तपासायला दिल्या. मूळ गुण होते व्याख्या ०, चूक-बरोबर ४, महत्त्व २, उदाहरण ०, टापटीप १. एका शिक्षकांनी दिले १, ४, २, २, १, म्हणजे १०. दुसऱ्या बाईंनी दिले २, ४, ३, ३, २, म्हणजे १४. कागद एक, मुलगी एक, गुण सात, दहा आणि चौदा. कोणी लबाडी केली नाही. पत्रिकेसोबत गुणदान योजनाच नव्हती, म्हणून प्रत्येकाने आपल्या मनातली योजना वापरली. चूक-बरोबरचे गुण मात्र तिघांचे सारखे आहेत, कारण तिथे मनाला वाव नव्हता.

हा अनुभव आपल्याच शाळांचा नाही. अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या दोघांनी १९१२ आणि १९१३ मध्ये एकाच उत्तरपत्रिकेच्या प्रती अनेक शाळांतल्या शिक्षकांकडे तपासायला पाठवल्या होत्या. इंग्रजीच्या निबंधात फरक पडेल हे कोणीही सांगितले असते. म्हणून त्यांनी भूमितीचीही उत्तरपत्रिका पाठवली. शंभरावर शिक्षकांनी ती तपासली आणि तिला शंभरपैकी तीसच्या खालपासून नव्वदच्या वरपर्यंत गुण मिळाले. कोणी रीतीला गुण दिले, कोणी फक्त उत्तराला, कोणी आकृती नीट नाही म्हणून कापले. आमच्या दोन शिक्षकांनी केले तेच.

मग सगळे चूक-बरोबरच विचारावे का? तिथे दुसरी अडचण आहे. समजा ३२ मुलांचा वर्ग आहे आणि एकालाही काही येत नाही. पाच विधानांना प्रत्येक जण नाणे उडवून उत्तर देतो. हिशेबाने सरासरी असे होईल: एका मुलाला पाचपैकी पाच, पाच मुलांना चार, दहा मुलांना तीन, दहांना दोन, पाचांना एक आणि एकाला शून्य. म्हणजे काहीही न येणाऱ्या वर्गातली निम्मी मुले पाचपैकी तीन किंवा त्याहून जास्त गुण घेऊन घरी जातील. उद्या पुन्हा नाणी उडवली तर पाच मिळवणारा मुलगा दुसराच असेल. आपल्या मुलीचे चार गुण ज्ञानाचे की नशिबाचे, हे त्या पाच विधानांवरून सांगता येत नाही. चारचार पर्याय दिले की अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता निम्म्यावरून पावावर येते, आणि प्रश्नांची संख्या वाढवली की नशिबाचा जोर आणखी ओसरतो.

आता तिचा गेलेला पाचवा गुणही पाहा. विधान होते, "शेकडेवारी १०० पेक्षा जास्त कधीच असू शकत नाही." तिने "चूक" लिहिले, बाईंनी ते उत्तर चुकीचे धरले. पण कांदा २० रुपये किलोवरून ५० वर गेला तर वाढ १५० टक्के झाली. बाईंच्या मनात बहुधा परीक्षेतले गुण होते, आणि ते शंभराच्या वर जात नाहीत. अशा विधानात वर्गातली हुशार मुले पडतात आणि फार विचार न करणारी तरून जातात. शिक्षकांना हा दोष ओळखण्याची एक सोपी खूण आहे. वर्गातले वरचे दहा पेपर आणि खालचे दहा पेपर बाजूला काढा आणि प्रत्येक प्रश्न दोन्ही गठ्ठ्यांत किती जणांना आला ते मोजा. एखादा प्रश्न खालच्या गठ्ठ्यात जास्त जणांना आला असेल, तर तो प्रश्न किंवा त्याचे ठरवलेले उत्तर यांपैकी काहीतरी बिघडलेले आहे.

पत्रिका काढणाऱ्या बाईंना आम्ही बोल लावत नाही. साठसाठ मुलांचे वर्ग असतात, वर आणखी दहा कामे असतात, आणि मागच्या वर्षीची पत्रिका कपाटात तयार असते. पण पत्रिकेच्या आधी अर्धा तास दिला तर ती किती बदलते, ते करून पाहण्यासाठी आम्ही त्याच घटकाची दुसरी पत्रिका काढली.

सुरुवात प्रश्नांपासून करायची नसते, तक्त्यापासून करायची असते. त्याला संविधान तक्ता म्हणतात. मुलीच्या वहीवरून दिसले की या घटकाला दहा तासिका झाल्या होत्या: तीन अपूर्णांकाचे टक्के करण्यासाठी, चार दिलेल्या संख्येचे टक्के काढण्यासाठी, तीन टक्क्यांवरून तुलना करण्यासाठी. शिकवले त्याच प्रमाणात विचारायचे, म्हणून गुण वाटले ६, ८ आणि ६. व्याख्या, महत्त्व, टापटीप यांना तक्त्यात जागाच उरली नाही.

पहिल्या भागात एकेक गुणाचे सहा अपूर्णांक दिले. दुसऱ्या भागात एकेक गुणाची चार लहान उदाहरणे आणि पुन्हा ते दूध: "एका डेअरीत ८०० लिटर दूध आले. त्यातले ३५ टक्के दही लावायला ठेवले. (अ) दह्यासाठी किती लिटर? (आ) बाकी किती राहिले? (इ) बाकी राहिलेल्यातले ६० टक्के दुकानांना दिले, ते किती लिटर?" उत्तरे २८०, ५२० आणि ३१२. गुण १, १ आणि २. तिसऱ्या भागात दोन गुणांचे तीन प्रश्न, उदाहरणार्थ, एका चाचणीत २५ पैकी १८ आणि दुसरीत ५० पैकी ३३ मिळाले, कोणती चांगली गेली? ७२ आणि ६६ टक्के, म्हणून पहिली. अशा सोळा छोट्या नोंदी झाल्या. सोबत गुणदान योजना लिहिली, आणि तिच्यात एक वाक्य मुद्दाम घातले: आधीच्या पायरीत चुकलेली संख्या घेऊन पुढची पायरी बरोबर केली असेल, तर पुढचे गुण द्यावेत.

सोळा नोंदी असल्या की विश्वसनीयता घरच्या घरी तपासता येते. वर्गातल्या प्रत्येक मुलाचे विषम क्रमांकाच्या प्रश्नांचे गुण वेगळे आणि सम क्रमांकाच्या प्रश्नांचे वेगळे मांडायचे. दोन्ही अर्ध्या एकच गोष्ट मोजत असतील, तर विषममध्ये वर असलेली मुले सममध्येही वरच येतील. या मेळाचा आकडा, म्हणजे सहसंबंध, समजा ०.६ आला. तो अर्ध्या पत्रिकेचा झाला. पूर्ण पत्रिकेसाठी त्याची दुप्पट करून एक अधिक ०.६ ने भागायचे: १.२ भागिले १.६, म्हणजे ०.७५. एक सावधगिरी हवी. वेळ कमी पडून बऱ्याच मुलांचे शेवटचे प्रश्न कोरे राहिले असतील, तर दोन्ही अर्ध्या एकदमच कोऱ्या पडतात आणि हा आकडा खोटाच फुगतो. जुन्या पत्रिकेला हा प्रयोग लागूच करता येत नाही. चार प्रश्नांचे दोन सारखे भाग करणार कसे?

आणि ०.७५ हा वर्गातल्या चाचणीसाठी बरा आकडा असला, तरी तोही एवढा काटेकोर नसतो. वर्गातल्या गुणांचा पसारा, ज्याला प्रमाण विचलन म्हणतात, तो चार गुणांचा असेल, तर अशा पत्रिकेत प्रत्येक मुलाच्या गुणात साधारण दोन गुणांची चूक धरावी लागते. म्हणजे सात मिळालेल्या मुलाची खरी पातळी पाच ते नऊच्या दरम्यान असण्याचा संभव तीनात दोन इतका आहे, आणि तीनात एक वेळा ती त्याच्याही बाहेर असेल. आठची रेषा बरोबर या पट्ट्याच्या मधून जाते. बऱ्या पत्रिकेची ही गत, तर तीन शिक्षकांकडून सात, दहा आणि चौदा आणणाऱ्या पत्रिकेवर आठची रेषा ओढून मुलांच्या तुकड्या पाडणे आम्हाला तरी पटत नाही. रेषेच्या दोनतीन गुण अलीकडे-पलीकडे असलेल्या मुलांची पुन्हा लेखी आणि थोडी तोंडी चाचणी घेणे हे शिक्षकांचे एका दुपारचे काम आहे. वालिदैननीही शाळेत जाऊन "आमच्या मुलीला गुण वाढवून द्या" म्हणू नये. गुणदान योजना पाहायला मागावी आणि चौथ्या प्रश्नातली तिची मांडणी पुढे ठेवावी. त्या भगिनीला आम्ही हेच कळवले आहे.

जकातीच्या हिशेबाबद्दलही त्यांना एक गोष्ट लिहावी लागली. तो पुरावा मोलाचा आहे, पण तोही एकाच प्रश्नाची परीक्षा आहे. आम्ही मुलीला विचारले, १,६०० कसे काढलेस? ती म्हणाली, "चाळीसने भागायचे, नानीने शिकवले." रीत बरोबर आहे. पण चाळीसने भागता येणे आणि टक्के समजणे या दोन गोष्टी एक असतीलच असे नाही.

नवी पत्रिका तिने सोडवली. १६ गुण मिळाले, आणि आमच्या त्याच दोन शिक्षकांनी योजना हाताशी घेऊन वेगवेगळे तपासले तेव्हा एकाने १६ दिले, दुसऱ्या बाईंनी १५. जुन्या सातांशी या सोळांची सरळ तुलना करू नये, मधे दोन आठवडे गेले होते आणि तिने सराव केला होता. दुधाच्या उदाहरणात तिला पूर्ण गुण आहेत, दुसऱ्या भागात आठपैकी आठ. तुलनेत सहापैकी पाच, एका ठिकाणी टक्के बरोबर काढून "कोणती चांगली" हे लिहायचे राहिले.

तीन गुण गेले ते पहिल्या भागात. १/४, ३/५ आणि ७/२० तिने बरोबर केले. १/८ चे तिने लिहिले १२ टक्के, ३/८ चे ३७, आणि १/४० चे २. तिन्ही ठिकाणी चूक एकच आहे: भागाकारात बाकी उरली की ती तिथेच सोडून देते, दशांश चिन्ह देऊन पुढे भागत नाही. हवे होते साडेबारा, साडेसदतीस आणि अडीच. ज्या अडीच टक्क्यांचा हिशेब ती दरवर्षी करते, ते १/४० मधून निघतात हे तिला अजून कोणी दाखवलेले नाही. दशांशाचा भागाकार दोन दिवस करून घ्यावा, असे आम्ही तिच्या अम्मीला लिहिले आहे.